सरांकडे रेकमेंडेशन मागायचंय, पण पत्रात लिहू काय?

नमस्कार मॅडम, मी सोलापूरची, सिव्हिल झालंय. सव्वा वर्ष झालं सात रस्त्याजवळच्या एका सिनियर स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ज्युनिअर इंजिनिअर आहे. अमेरिकेत स्ट्रक्चरलमध्ये एमएससाठी अप्लाय करतीये, पहिली डेडलाइन 15 डिसेंबर. तीन रेकमेंडेशन लागतात, दोन कॉलेजच्या सरांची मिळतील, तिसरं ऑफिसच्या सरांचं हवंय. पण मी सोडून चाललीये हे त्यांना अजून माहीतच नाही, विचारायची भीती वाटतीये. सिनियर्स म्हणतात सर सांगतील "तूच टाइप करून आण, मी सही करतो", मग आधीच लिहून न्यावं का? मी एवढंच पत्र लिहिलंय: "आदरणीय सर, मी उच्च शिक्षणासाठी अप्लाय करत आहे, तरी मला एक चांगलं रेकमेंडेशन लेटर द्यावं ही नम्र विनंती." बरोबर आहे का?

---

तुझं पत्र नम्र आहे, पण ते वाचून सरांना काही करता येणार नाही. कुठं अप्लाय करतीयेस, कधीपर्यंत हवंय, कागदावर हवंय की ऑनलाइन, सरांनी नेमकं कशाबद्दल लिहायचं, यातलं काहीच त्यात नाही. मग साइटवरून दमून आलेला माणूस म्हणणारच की तूच टाइप करून आण. म्हणजे सिनियर्स म्हणतात ते उत्तर बऱ्याचदा आपल्या पत्रामुळंच येतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण घरोघरी हाच गैरसमज असतो. अमेरिकेतल्या बहुतेक युनिव्हर्सिटींना सहीशिक्क्याचं पत्र तुझ्या हातून नकोच असतं. तू अ‍ॅप्लिकेशनमध्ये सरांचं नाव, हुद्दा आणि मेल आयडी भरायचा, मग युनिव्हर्सिटीकडून सरांना डायरेक्ट लिंक जाते, आणि तिथं पत्र अपलोड करण्याबरोबर बरेचदा एक फॉर्मही असतो, या मुलीला कधीपासून ओळखता, कुठल्या नात्यानं, तुमच्या हाताखाली काम केलेल्यांमध्ये ती वरच्या पाच टक्क्यांत बसते की दहा की पंचवीस, असं. हे सगळं सरांनी स्वतः भरायचंय. त्याच ठिकाणी तुला विचारतील की हे पत्र पुढं बघायचा हक्क तू सोडतेस का. फेर्पा नावाचा 1974 चा अमेरिकन कायदा आहे, त्यानुसार अ‍ॅडमिशन घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःची फाइल बघता येते, त्यातून हे पत्र वगळायला तू तयार आहेस का एवढाच तो प्रश्न. हो म्हण. हक्क सोडलेला असला की कमिटीला वाटतं लिहिणाऱ्यानं मोकळेपणानं लिहिलंय, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

आता लिहून न्यायचं का. नाही, अख्खं पत्र लिहून नेऊ नकोस. एकतर ते सरांचं मत म्हणून जाणार आणि अ‍ॅप्लिकेशनमध्ये आपण सगळं खरं आहे असं डिक्लेरेशन देतो. दुसरं म्हणजे आपण स्वतःबद्दल लिहायला बसलो की हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेयर असलेच शब्द येतात, आणि तुझ्या एसओपीची भाषा आणि या पत्राची भाषा एकसारखी निघाली की रोज ढीगभर फाइली वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. आणि काही मुलं सरांच्या नावानं नवीन जीमेल उघडून स्वतःच लिंक भरतात, तसलं तर चुकूनही करू नकोस, पकडलं गेलं तर मिळालेली अ‍ॅडमिशनसुद्धा रद्द होते.

मग न्यायचं काय तर एक पानाची नोट. त्यात कौतुक नाही, फक्त तू काय काम केलंस आणि सरांनी ते कुठं पाहिलं एवढंच. तू फोनवर जुळे सोलापूरच्या बंगल्याचं सांगितलंस ना, तेच घे, मला विचारशील तर त्यावर अर्धं पत्र उभं राहील. नोटमध्ये ते साधारण असं लिही: ग्राउंड प्लस टूचा बंगला, ड्रॉइंगमध्ये फुटिंग दीड मीटरवर दाखवलेलं, ते आधीच्या एका जॉबमधून तसंच उचललं होतं. सॉइल रिपोर्टमध्ये काळी माती 2.4 मीटरपर्यंत आणि त्याखाली मुरूम होता, म्हणजे फुटिंग काळ्या मातीतच बसणार होतं. मी रिपोर्ट आणि ड्रॉइंग शेजारी ठेवून सरांना दाखवलं. सरांनी ट्रायल पिट घ्यायला साइटवर पाठवलं, तिथंही काळी माती तेवढीच लागली. सरांनी फुटिंग 2.7 वर मुरमात नेलं. जमिनीखालचा कॉलम त्यामुळं 1.2 मीटरनं लांबला, तर मी सरांनी सांगायच्या आधी मॉडेलमध्ये ती लांबी बदलून कॉलम परत चेक केले आणि बीबीएसही नवीन केलं.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं बांधकाम हलवते हे सोलापुरात गवंड्यालाही माहीत असतं, पण तिकडच्या प्रोफेसरला या गोष्टीतून दिसतं की ही मुलगी नुसतं सॉफ्टवेअर चालवत नाही, एका ठिकाणी काही बदललं तर त्याचा परिणाम आणखी कुठं जातो हे शोधते. आणि हे त्याला कॉलेजचे सर सांगू शकणार नाहीत. तुझे मार्क, प्रोजेक्ट, सेमिनार ते लिहितील. कन्सल्टंटचं पत्र मागायचं ते ऑफिसात आणि साइटवर तू कशी वागतेस यासाठी, नाहीतर तिसरं पत्र पहिल्या दोघांची झेरॉक्स होतं.

नोटमध्ये असे दोन किंवा तीन प्रसंग पुरे. एक प्रसंग असा घे ज्यात तुझं चुकलं आणि नंतर सुधारलं. सुरुवातीला तुझ्या डिटेलिंगमध्ये लॅपची जागा राहून जायची आणि सर लाल पेनानं गोल करायचे म्हणालीस, ते बिनधास्त लिही. काही फॉर्ममध्ये कुठं सुधारणा हवी असा प्रश्न असतो आणि तिथं सरांना खरं काहीतरी सांगायला मिळतं.

तरीही सर म्हणाले टाइप करून आण, तर वाद घालू नकोस, म्हण की "सर, युनिव्हर्सिटीला तुमचेच शब्द हवेत, तुम्ही वीस मिनिटं मराठीत बोला, ऑफिसमधलं दुसरं कोणीतरी टाइप करेल." तू स्वतः टाइप करू नकोस. इंग्लिश साधं असलं तरी चालतं, कन्सल्टंटचं पत्र आहे, कोणी साहित्य म्हणून वाचत नाही.

भीतीबद्दल. सोडून चाललीये हे या पत्रातूनच पहिल्यांदा कळलं तर सरांना लागणार, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आधी समोर बसून दोन मिनिटं सांग, साइट व्हिजिटच्या गडबडीत नको, संध्याकाळी ऑफिस रिकामं होताना सांग. जॉइन करताना काही बॉण्ड किंवा नोटीस पिरियड ठरला असेल तर तो आधी वाचून जा. मग त्याच रात्री मेल कर. माझ्या हिशोबानं मेल असा जावा:

"नमस्कार सर, संध्याकाळी बोलल्याप्रमाणे लिहितेय. मी अमेरिकेत स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या एमएससाठी पाच युनिव्हर्सिटींना अप्लाय करतेय, अ‍ॅडमिशन झालं तर पुढच्या ऑगस्टमध्ये कोर्स सुरू होईल आणि मी जूनअखेरपर्यंत ऑफिसला आहे, हातातले जॉब पूर्ण हँडओव्हर करीन. दोन पत्रं कॉलेजच्या सरांची आहेत. तिसरं तुमचं असावं असं वाटतं कारण माझं साइटवरचं आणि डिझाइनचं काम तुम्हीच रोज पाहिलंय. माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? नसेल वाटत तर तसं स्पष्ट सांगा, मी दुसरी सोय करीन. पहिली डेडलाइन 15 डिसेंबर आहे, पण 30 नोव्हेंबरपर्यंत झालं तर बरं. प्रत्येक युनिव्हर्सिटीकडून तुम्हाला वेगळी लिंक येईल, पत्र एकच चालेल, लेटरहेडवर सही करून पीडीएफ. सोबत माझा बायोडाटा, पाच नावं आणि तारखांचा तक्ता, आणि मी केलेल्या कामाची एक पानाची नोट जोडलीय. तुम्हाला लिंक कुठल्या मेल आयडीवर हवी तेवढं कळवा."

यात "मनापासून चांगलं लिहिता येईल का" हे वाक्य काढू नकोस. सरांना नाही म्हणायची वाट ठेवायलाच हवी, कारण "सदर उमेदवार आमच्याकडे अमुक काळ कामाला होती, वर्तणूक चांगली" असं कोमट पत्र आलं तर त्यापेक्षा ते न आलेलं बरं. सर लगेच "कधीपर्यंत हवंय" विचारतील तर समज काम झालं. "बघू", "आठवण कर नंतर" असं दोनदा झालं तर तो नकार समज.

मेल आयडीचं पण बघ. ऑफिसच्या डोमेनचा आयडी असेल तर तोच दे. आपल्याकडच्या बऱ्याच कन्सल्टंटचं सगळं जीमेलवरच चालतं, तेवढ्यावरून पत्र बाद होत नाही, पण मग लेटरहेडवर ऑफिसचा पत्ता, फोन आणि सरांचं क्वालिफिकेशन नीट असू दे, आणि एखाद्या युनिव्हर्सिटीनं जीमेल चालणार नाही असं लिहिलंय का ते तिच्या पानावर आधी वाच. लिंक गेली की सरांना स्पॅममध्ये बघायला सांग, बरेचदा ती तिथंच अडकते.

वेळेचं म्हणशील तर आत्ताच विचार, दिवाळीच्या आत. दिवाळीनंतर पाऊस संपलेला असतो, सगळ्या साइट एकदम सुरू होतात आणि कन्सल्टंटला श्वास घ्यायला वेळ नसतो. ज्या युनिव्हर्सिटींची डेडलाइन 15 जानेवारी आहे त्यासुद्धा याच फेरीत उरकून घे, ते गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, तेव्हा ऑफिसात कोण सापडणार. तक्त्यात तारखेपुढं वेळही लिही, कारण डेडलाइन तिकडच्या घड्याळानं असते. आठवण एकदा 20 नोव्हेंबरला आणि एकदा डेडलाइनच्या आठवडाभर आधी कर, रोज नको.

आणि सर नाही म्हणाले तर तुझ्या बीईच्या प्रोजेक्ट गाइडकडे जा. तीनही पत्रं कॉलेजची असली तरी बहुतेक ठिकाणी चालतात, काही ठिकाणी तर उलट तीच हवी असतात, फक्त मग बंगल्याचा तो किस्सा एसओपीत तुलाच लिहावा लागेल. नोट तयार झाली की मला पाठव, त्यातलं काय ठेवायचं ते बघून सांगते.