नॉमिनी लावला म्हणजे पैसे त्याचे झाले असं नाही

बचत खात्याला नॉमिनी लावायचा तर शाखेत नामनिर्देशनाचा अर्ज भरा आणि पोच घ्याच. पासबुकावर 'नामनिर्देशन नोंदवले' असा शेरा आला की नाही ते बघा. अर्ज दिला पण नोंदच झाली नाही, हे मृत्यूनंतर कळून उपयोग नसतो. नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. एकत्र दिली तर टक्केवारीची बेरीज 100 हवी.

आता मुख्य गोष्ट. समजा, लग्नाआधी भावाला नॉमिनी केलं आणि नंतर बदललं नाही. खात्यात 6 लाख आहेत, मागे आई, बायको, मुलगी. मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र बघून बँक पैसे भावालाच देईल, आणि तिची जबाबदारी तिथे संपेल. पण भाऊ मालक नाही, तो विश्वस्त. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तिघींना प्रत्येकी 2 लाख. भावाने दिले नाहीत तर कोर्टाची पायरी त्यांनाच चढावी लागते. म्हणून लग्न झालं की नॉमिनी बदला, आणि मृत्युपत्रातही तेच नाव ठेवा.

आणि हो, मृत्यूनंतर एटीएमने पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी.