पिन विसरला म्हणून नंबर शोधला, तिथूनच गडबड सुरू झाली

"ताई, पेमेंट ॲपचा पिन विसरून गेलो. तीनदा चुकीचा टाकला तं आता पैसेच जाऊन नाही राहिले. नेटवर सर्च केलं तं कस्टमर केअरचा नंबर सापडला, त्यावर फोन करू का? उद्या वेचणीवाल्या बायांची मजुरी द्यायची आहे."

भाऊ, फोन नका करू. केला असेल आणि काही सांगून बसला असाल तर हे अर्धवट वाचून सोडा आणि आधी १९३० लावा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे.

मी आमच्या तालुक्यात आर्थिक साक्षरतेचं समुपदेशन करते, यवतमाळ जिल्ह्यात. मागच्या हंगामात एक काका आले होते, त्यांचं अगदी तुमच्यासारखंच झालं होतं, म्हणून त्यांचंच सांगते. मुलगा पुण्याला, त्यानेच दिवाळीत येऊन ॲप सुरू करून दिलं होतं. पुढे दोन महिने काकांनी फक्त पैसे घेतले, पाठवले कुणालाच नाही, आणि पैसे घ्यायला पिन लागतच नाही, त्यामुळे पिन डोक्यातून पूर्ण गेला. कापूस वेचणीची मजुरी द्यायला बसले आणि फोन उघडायचा चार आकड्यांचा लॉकच टाकत राहिले. स्क्रीनवर चौकोन सहा होते, ते लक्षातच नाही आलं. हा गोंधळ मी खूप जणांचा पाहते. फोनचा लॉक वेगळा, यूपीआय पिन वेगळा, तो चार किंवा सहा आकडी असतो आणि तो ॲपचा नसतो, बँक खात्याचा असतो. तीनदा चुकला की बँक साधारण २४ तास त्याला थांबवते. बिघाड नसतो तो, उलट तुमच्याच पैशाची राखण असते.

काकांना वाटलं ॲप बिघडलं. सर्च केलं, सगळ्यात वर जो नंबर दिसला तो लावला. वर दिसतं ते खरंच असतं असं नाही न, पैसे भरून जाहिरात वर आणता येते, आणि मॅपवर बँकेच्या शाखेसमोर जो नंबर दिसतो त्यात बदल सुचवायची सोय कुणालाही असते. तिकडून एकदम गोड हिंदीत माणूस बोलला, काकांना 'सर' म्हणाला. म्हणे एक कोड पाठवतो, तो मेसेज तसाच अमुक नंबरवर फॉरवर्ड करा. काकांनी केला. मग कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डावरचा महिना-वर्ष, आणि शेवटी आलेला ओटीपी.

आता हे नीट पहा, कारण सगळं इथंच आहे. ॲप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिममधून आपोआप एक मेसेज जातो, त्यावरून समजतं की हा नंबर ह्याच फोनमध्ये आहे. तो 'कोड' म्हणजे तोच मेसेज होता, पण त्या माणसाच्या फोनमधल्या ॲपचा. काकांच्या सिममधून तो गेला आणि काकांचा नंबर त्याच्या फोनला बांधला गेला. त्यानंतर नवीन पिन बनवायला लागतं काय? कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि बँकेचा ओटीपी. काही बँका एटीएम पिनही विचारतात. म्हणजे त्याने जे जे विचारलं ते पिन बनवायचंच साहित्य होतं, आणि पिन त्याने बनवला, त्याच्या मर्जीचा. बाकी ठिकाणी आपली स्क्रीन त्यांना दिसेल असं ॲप टाकायला लावतात नाहीतर व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल पाठवतात, पण शेवटी पाहिजे असतं हेच.

काकांच्या खात्यातून ४,९०० रुपये गेले. खात्यात अजून चौदा हजारांच्या वर होते, ते का राहिले? नवीन फोनवर यूपीआय सुरू झालं की पहिल्या २४ तासांत बऱ्याच बँका पाच हजारांच्या वर जाऊ देत नाहीत. तो दुसऱ्या दिवसाची वाट पाहून राहिला होता. काकांचं नशीब की पैसे कटल्याचा मेसेज शेजारच्या पोरीने वाचला. तिने तिथल्या तिथे १९३० लावला, मग पासबुकावरच्या नंबरवर बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय दोन्ही बंद करवले. सकाळी काका माझ्यापुढे बसले तेव्हा हातातली पासबुकाची प्लास्टिकची पिशवी थरथरत होती, एकच म्हणत होते, "मले वाटलं बँकेचाच मानूस हाये." मी त्यांना रागावले नाही, कुणी रागावूही नये, घरचे ओरडतील म्हणून माणसं लपवतात आणि तेवढ्यात बाकीचे पैसे जातात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे की ओटीपी आपण स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून त्या पोरीने घाई केली ते फार मोलाचं. पुढे cybercrime.gov.in वर तक्रारही नोंदवली. ते ४,९०० मात्र काकांना अजून मिळाले नाहीत, हेही सांगायला पाहिजे.

पिनचं काम नंतर आधारवरून केलं, कार्ड तर बंद केलेलं होतं. आधी शाखेत जाऊन यूपीआय परत सुरू करून घेतलं. मग काकांच्याच फोनवर, ॲपमध्ये बँक खात्यावर जाऊन पिन विसरलो हा पर्याय, त्यात आधार निवडलं, आधारचे पहिले सहा आकडे टाकले, एक ओटीपी आधारचा, एक बँकेचा, आणि नवीन पिन दोनदा. पाच मिनिटं पण नाही लागली. हे जमतं कधी, तर आधारला आणि बँकेला एकच मोबाइल नंबर जोडलेला असेल तेव्हा. काकांचा होता. नंबर वेगळे असतील तर कार्डानेच करावं लागतं. तिथे लोक अडकतात ते कार्डाची मुदत संपलेली असते म्हणून, किंवा नवीन आलेलं कार्ड एटीएममध्ये एकदाही वापरलेलं नसतं म्हणून. आणि सिमचा रिचार्ज संपला असला की ओटीपीच येत नाही, तेव्हाही माणूस नंबर शोधायला जातो.

तर भाऊ, तुमचं असं करा. आज पिन टाकणं थांबवा. कार्ड काढून त्यावरचा महिना-वर्ष पहा, मुदत असेल तर ॲपमधूनच पिन रिसेट करा, ओटीपी आला की स्वतःच टाकायचा, फोनवर कुणाला वाचून दाखवायचा नाही. रिसेट करूनही पैसे नाही गेले तर २४ तास होऊ द्या. बँकेतला माणूस तुमचा पिन पाहू शकत नाही आणि बनवूनही देऊ शकत नाही, म्हणून पिनसाठी कुणाच्या फोनची गरजच पडत नाही. तरी बोलायचंच असेल तर नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकावर असतो, ॲपच्या मदत विभागात असतो, तिथूनच घ्या. आणि बायांना उद्या रोख द्या, गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे निघतात, फक्त मशीनवर रक्कम तुम्ही स्वतः वाचा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका.