आमच्या थ्रीडी स्टुडिओत चारच मशीन आहेत, त्यातली दोन जुनी. रात्रभर फ्रेम रेंडर करायच्या तर कामाची वाटणी आणि क्रम कसा ठरवावा? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

वाटणी करूच नका. जरा जोरात सांगतोय, कारण जळगावात आमच्या स्टुडिओत याच वाटणीवरून भागीदाराशी माझं वाजलं ते वाजलंच.

त्याचं म्हणणं, "अरे भो, सारखे चार भाग कर. ज्याच्या मशीनवर अडकलं, तो जबाबदार." ऐकायला न्याय्य वाटतं. काम होतं एका बिल्डरच्या वॉकथ्रूचं. तीस सेकंद, सेकंदाला 25, म्हणजे 750 फ्रेम. दोन नव्या मशीनना एका फ्रेमला 2 मिनिटं लागायची, तिसऱ्याला 4, आणि भंगारात जायला निघालेल्या चौथ्याला 6. प्रत्येकाच्या वाट्याला 188 च्या आसपास फ्रेम आल्या. रात्री नऊला सुरू केलं. नवी मशीन पहाटे सव्वातीनला मोकळी होऊन पंखे फिरवत बसली. चौथ्याचं काम मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारपर्यंत चालणार होतं, आणि त्याच्याकडे नेमका शेवटचा भाग, म्हणजे सँपल फ्लॅट. दहाला बिल्डर येऊन बसला तेव्हा 58 फ्रेम बाकी. त्यावर भागीदार म्हणाला, जुनं मशीन विकून टाकू. मशीनचा काय दोष त्यात?

हीच चार मशीन तासाला मिळून 30, 30, 15 आणि 10, म्हणजे 85 फ्रेम काढतात. जे मोकळं होईल त्यानं पुढची फ्रेम उचलायची, एवढा एकच नियम ठेवला असता तर सकाळी सहाच्या आत सगळं संपलं असतं.

ब्लेंडर वापरत असाल तर यासाठी वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. आउटपुटमध्ये `Overwrite` बंद करा, `Placeholders` चालू करा आणि आउटपुटचा फोल्डर सगळ्यांना दिसणारा शेअर ठेवा. मशीन फ्रेम हातात घेतलं की त्या नावाची रिकामी फाइल टाकतं. ती दिसली की बाकीची मशीन पुढच्या फ्रेमवर जातात. फक्त आउटपुट चित्रांचं हवं, पीएनजी किंवा ईएक्सआर. थेट व्हिडिओवर हे चालत नाही. मग चारही मशीनवर ह्याच दोन ओळी:

```
blender -b \\server\job\walk.blend -s 1 -e 750 -j 10 -a
blender -b \\server\job\walk.blend -s 1 -e 750 -a
```

पहिली ओळ दर दहावी फ्रेम काढते, दुसरी राहिलेल्या भरते. हाच तुमचा क्रम. 75 फ्रेम तासाभरात होतात, म्हणजे घरी जायच्या आधी अख्खा शॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून जातो. टेक्श्चर सापडलं नसेल तर गुलाबी दिसतं. त्याहून घातक म्हणजे एखाद्या मशीनला लिंक केलेली फाइल सापडली नाही तर. ते रिकामा सीन काही सेकंदांत उरकतं आणि सर्वात जास्त फ्रेम तेच खाऊन टाकतं. जुनं मशीन अचानक पळायला लागलं तर खूश होऊ नका, त्याचे पाथ तपासा.

आता आपल्याकडची वीज. फ्रेम अर्धवट असताना लाइट गेली की ती रिकामी फाइल तशीच राहते, आणि नंतर प्रत्येक मशीन ती फ्रेम झाली असं समजून सोडून देतं. सगळी मशीन थांबवून, शेअर ज्या मशीनवर आहे तिथेच आउटपुटच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा, मग दुसरी ओळ पुन्हा:

```
for %F in (*.png *.exr) do @if %~zF==0 del "%F"
```

यूपीएस एकच असेल तर शेअर ज्या मशीनवर आहे त्याला आणि नेटवर्कच्या स्विचला द्या. रेंडर करणारं मशीन बंद पडलं तर एक फ्रेम जाते, शेअर गेला तर चारही थांबतात.

रात्र किती पुरेल याचा हिशोब करताना फ्रेमचा वेळ तासभर मशीन तापल्यावर मोजा. मे महिन्यात आमच्याकडे रात्रीसुद्धा कार्ड गरम होऊन मंदावतात. नऊ ते आठ या अकरा तासांत कागदावर 935 फ्रेम बसतात. मी 750 च्या वर शब्द देत नाही.

एक राहिलं. कापड, धूर, पाणी असलं काही सीनमध्ये असेल तर आधी बेक करून कॅशे शेअरवर ठेवा. नाहीतर दहा-दहा फ्रेमच्या उड्या मारताना सिम्युलेशन चुकतं आणि दोन मशीनच्या फ्रेम एकमेकींशी जुळत नाहीत. ब्लेंडरची आवृत्तीही चारही ठिकाणी एकच हवी.

एका रात्रीत दोन-तीन क्लायंटची कामं असतील तर मात्र ही युक्ती अपुरी पडते, कारण हिच्यात प्राधान्य देता येत नाही. तेव्हा फ्लेमेंको घ्या, ब्लेंडरवाल्यांचंच आहे, फुकट आहे. तिथे एका तुकड्यात किती फ्रेम द्यायच्या ते विचारतात. पाचच्या आसपास ठेवा. पन्नास ठेवल्या तर पहाटे पाचला 6 मिनिटंवाल्या मशीननं उचललेला तुकडा दहालाच सुटेल, आणि आमच्या भागीदाराची वाटणी मागच्या दारानं परत आत येईल.