दोन घास खिचडी आणि तीन बाटल्या

“मुलगी पावणेदोन वर्षांची आहे, वजन साडेदहा किलो. खिचडीचे दोन घास खाते आणि तोंड फिरवते. तिला प्रोटीन पुरत असेल का? पावडर सुरू करू का?”

या वयाच्या निरोगी मुलाला दिवसाला किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रोटीन लागतं. डाळ-भातावर भर असेल तर थोडं जास्त धरावं. म्हणजे या मुलीला अकरा-बारा ग्रॅम. आईला वाटलं होतं, तीस-चाळीस तरी लागत असेल.

ही काळजी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ताटाआधी दुधाचं विचारते.
“दूध किती पिते?”
“फार नाही हो. सकाळी, दुपारी आणि झोपताना.”

पुढच्या वेळी बाटली घेऊन यायला सांगितलं. नेहमीच्या खुणेपर्यंत तिनं पाणी भरलं, ते मी मापात ओतलं. २३० मिली. तीन वेळचं मिळून जवळजवळ ७०० मिली. दुधात १०० मिलीमागे सव्वातीन ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे नुसत्या दुधातूनच बावीस ग्रॅम. आई मापाकडे बघत राहिली. “म्हणजे तिचं पोट दुधानंच भरतंय?” हे तिच्या तोंडून आलं, याचं मला फार समाधान वाटलं. पालकांनी स्वतः मोजलेलं घरी टिकतं, असा माझा अनुभव आहे.

प्रोटीन दुप्पट होतं, कमी पडत होतं लोह. दुधात लोह नगण्य असतं आणि पोट दुधानं भरलं की लोह देणारं जेवण मागे पडतं. मुलीच्या पापण्या आतून फिकट दिसत होत्या, म्हणून हिमोग्लोबिन तपासायला डॉक्टरांकडे पाठवलं. पावडर नको म्हटलं.

दूध कपातून, दोनदा, दीडशे-दीडशे मिली आणि जेवणानंतर द्यायचं ठरलं. त्यातून दहा ग्रॅम मिळतात. एका अंड्यातून सहा. खिचडीचा हिशेब मात्र कच्च्या जिनसांवर करावा. वीस ग्रॅम तांदूळ आणि दहा ग्रॅम मूगडाळ मिळून साधारण चार ग्रॅम होतात. तीच खिचडी पाणी घालून पातळ केली तर वाटी तेवढीच दिसते, पण पोटात निम्मंच जातं. म्हणून घट्ट शिजवावी, वर चमचाभर तूप घालावं. पुरेशा उष्मांकाअभावी शरीर प्रोटीनच इंधन म्हणून जाळतं. अंडं चालत नसेल तर डाळ वाढवावी. काय आणि कधी द्यायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते मुलाला ठरवू द्यावं, हे मी मनापासून मानते.

पहिले तीन दिवस मुलगी बाटलीसाठी रडली. चौथ्या दिवशी अर्धी वाटी खिचडी संपवली. वजन वाढायचं थांबलं किंवा पायावर सूज दिसली तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवायचं, हेही आईला सांगितलं आहे.