‘जागतिक’ हा शब्द काढा, स्प्रिंगचा शब्द घाला

आदरणीय सर, मी यावल तालुक्यातला असून जळगावला यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. आमच्या सरांना केळीच्या खोडापासून धागा काढण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि त्याची पोस्ट लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले आहे : ‘आमच्या सरांना केळीच्या धाग्याच्या यंत्राचे जागतिक पेटंट! हे यंत्र सर्वोत्तम असल्याचे सरकारनेही मान्य केले!’ सोबत सरांच्या नव्या सुधारित यंत्राचा व्हिडिओ टाकणार आहे. पेटंटची पूर्ण प्रत जोडली आहे. शेतकऱ्यांनाही कळेल असे कसे लिहावे? आणि या कामात पुढे करिअर असते का?
– एक विद्यार्थी

प्रिय विद्यार्थी,

सर्वात आधी तो व्हिडिओ थांबवा. सरांनी सुधारित यंत्रासाठी वेगळा अर्ज केला आहे की नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय त्यातले काहीही बाहेर जाऊ देऊ नका. पेटंट मिळण्यासाठी कल्पना अर्जाच्या तारखेपर्यंत नवी असावी लागते आणि आपणच ती जगाला दाखवली तरीही ती जुनी ठरते. सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगी कायदा बारा महिन्यांची सवलत देतो, परंतु समाजमाध्यमावरची पोस्ट त्यात बसत नाही. अर्ज झालेला नसेल, तर सरांना तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून तारीख मिळवता येईल आणि पूर्ण तपशील त्यानंतर बारा महिन्यांच्या आत देता येईल.

आता तुम्ही जोडलेल्या प्रतीकडे वळू. अर्जाचा बारा अंकी क्रमांक 202121 ने सुरू होतो. पहिले चार अंक अर्जाचे वर्ष सांगतात, त्यानंतरचा 2 मुंबई कार्यालयाचा असतो आणि पुढचा 1 म्हणजे साधा अर्ज. प्रतीनुसार अर्ज जुलै 2021 मध्ये झाला, तो जानेवारी 2023 मध्ये पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि पेटंट मार्च 2025 मध्ये मंजूर झाले. यांपैकी प्रसिद्धी आणि मंजुरी यांची गल्लत फार होते. मागे न घेतलेला जवळपास प्रत्येक अर्ज अठरा महिन्यांनंतर जर्नलमध्ये आपोआप येतो, त्यासाठी कोणी तो तपासलेला असण्याची गरज नसते, आणि परीक्षणाची मागणी तर वेगळी करावी लागते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मीच ‘पेटंट मिळाले’ असे लिहून दिले होते, हाती होते ते फक्त जर्नलचे पान. पुढे परीक्षण अहवालात आक्षेप आले, मुदतीत उत्तर गेले नाही आणि अर्ज सोडून दिल्याचे मानले गेले, परंतु फ्लेक्स मात्र वर्षभर प्रवेशद्वारावर होता. तुमच्याकडे मंजुरीचे प्रमाणपत्र आहे, म्हणून ‘मंजूर’ हा शब्द निर्धास्त वापरा.

‘जागतिक पेटंट’ नावाची वस्तू अस्तित्वात नाही. भारतीय पेटंट भारतापुरतेच चालते. अनेक देशांसाठी एकत्रित आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो खरा, परंतु तोही अर्जच असतो आणि शेवटी प्रत्येक देश आपापले पेटंट देतो किंवा नाकारतो. तसेच ‘सर्वोत्तम’ असे सरकारने कुठेही म्हटलेले नाही. परीक्षक यंत्र चालवून पाहत नाही. कल्पना नवी आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का आणि ती उद्योगात वापरता येईल का, हे तो कागदावर पाहतो.

पोस्टचा खरा गाभा मात्र प्रतीच्या शेवटच्या पानांवर, दाव्यांमध्ये आहे. बहुतेक लोक शीर्षक वाचून थांबतात. शीर्षक ‘केळीच्या खोडापासून तंतू काढण्याचे यंत्र’ असे असले, तरी तशी यंत्रे आधीपासून बाजारात आहेत आणि त्या सगळ्यांवर सरांचा हक्क झालेला नाही. हक्क किती, ते दावा क्रमांक 1 सांगतो. तो सावकाश वाचा. आधी फिरता ढोल, ढोलावरची पाती आणि समोरची पट्टी यांची यादी येते, मग ‘वैशिष्ट्य असे की’ हे शब्द येतात आणि त्यापुढे म्हटले आहे की ती पट्टी स्प्रिंगवर बसवलेली असून पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे मागे-पुढे सरकते. सरांची भर ती एवढीच, आणि ती मुळीच लहान नाही.

हे तुमच्या गावच्या माणसाला सांगणे सोपे आहे. एका खोडाला एकदाच घड येतो, घड उतरला की खोड कापावेच लागते. त्याचे पापुद्रे सोडवून ढोल आणि पट्टी यांच्यामधून ओढले, की पाती गर खरवडतात आणि धागा हाती राहतो. पापुद्रा बुडाशी जाड असतो आणि शेंड्याकडे पातळ होत जातो. पट्टी पक्की बसवलेली असेल, तर फट एकच राहते : ती जाड भागासाठी ठेवली तर पातळ भागात गर चिकटून राहतो, पातळ भागासाठी ठेवली तर जाड भागातला धागा तुटतो. स्प्रिंगवरची पट्टी हा फरक स्वतः सांभाळते. उद्या कोणी पक्क्या पट्टीचे यंत्र बनवले, तर या दाव्याचा भंग होणार नाही. परंतु ढोल, पाती आणि स्प्रिंगची पट्टी असे सगळे घटक घेऊन विकायला काढले, तर त्याला परवानगी घ्यावी लागेल.

मालक कोण, तेही पाहून घ्या. तुमच्या प्रतीत पेटंटधारक म्हणून महाविद्यालयाचे नाव आहे आणि सर व त्यांचे दोन विद्यार्थी संशोधक आहेत. त्या दोघांची नावे पोस्टमध्ये राहून जाणे बरे दिसणार नाही. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे, म्हणजे जुलै 2041 पर्यंत, आणि तीही नूतनीकरण शुल्क भरत राहिल्यास.

मी असे लिहिले असते :

‘केळीच्या खोडाचा पापुद्रा एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ. त्यामुळे धागा काढताना कधी तो तुटतो, तर कधी गर चिकटून राहतो. आमच्या सरांनी आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी यंत्रात स्प्रिंगवर सरकणारी पट्टी बसवून यावर उपाय शोधला. या रचनेला मार्च 2025 मध्ये भारतीय पेटंट मंजूर झाले असून ते महाविद्यालयाच्या नावे आहे. ही रचना वापरून यंत्र बनवायचे किंवा विकायचे असल्यास जुलै 2041 पर्यंत महाविद्यालयाची परवानगी लागेल.’

खाली तिघांची नावे आणि पेटंट क्रमांक द्या, म्हणजे ज्याला पाहायचे त्याला पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधता येईल. धाग्याचा भाव किंवा शेतकऱ्याचे उत्पन्न याविषयी काही लिहू नका, कारण प्रतीत त्याचा उल्लेख नाही.

करिअरचे विचारलेत, तर पेटंट एजंट हा नोंदणीकृत व्यवसाय आहे. भारतीय नागरिकत्व, वयाची 21 वर्षे पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातील पदवी असल्यास पेटंट कार्यालयाची परीक्षा देता येते. कायद्याची पदवी लागत नाही. तिचा पहिला पेपर कायदा आणि नियमांचा असतो आणि दुसरा मसुदा लिहिण्याचा. अभियांत्रिकीच्या मुलांना पहिला जड जाईल असे वाटते, परंतु माझ्याकडे आलेली मुले अडखळली ती दुसऱ्यातच, कारण यंत्राचे वर्णन करणे त्यांना जमत होते, दावा लिहिणे जमत नव्हते. तुमच्यासाठी पहिला अभ्यास हाताशीच आहे. सरांच्या पेटंटचा परीक्षण अहवाल आणि त्याला दिलेले उत्तर त्याच संकेतस्थळावर पाहायला मिळते. दावा क्रमांक 1 मूळ अर्जात कसा होता आणि मंजूर होताना कसा झाला, हे शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि ‘स्प्रिंग’ हा शब्द पहिल्यापासून होता की आक्षेपानंतर आला, ते मला कळवा.