नालेसफाई होऊनही जोराच्या पावसात आमच्या गल्लीत पाणी का तुंबतं? काय करता येईल?

आधी अडथळा कुठे आहे ते बघा. गटाराचं चेंबर रिकामं आणि रस्त्यावर पाणी, तर जाळीच प्लास्टिकने बुजलीय. ती साफ केली की पाणी उतरतं. चेंबरही तुडुंब असेल तर पुढची वाहिनी गाळाने भरलीय. तिथे वॉर्ड ऑफिसकडून उताराच्या टोकापासून गाळ काढून घ्या आणि तो लगेच उचलायला लावा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्याच सरीत परत आत जातो, हे दरवर्षीचं! तुंबलेल्या पाण्यात झाकण मात्र कधीच उघडू नका.

सखल भागात एवढ्याने भागत नाही. मुंबईत हिंदमाताला म्हणूनच पाणी भूमिगत टाक्यांत साठवतात.