तोंडी परीक्षेनंतरचं वेळापत्रक

ताई, आमच्या विभागप्रमुखांच्या आवडत्या विद्यार्थ्याला पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मी नापास ठरवलं. तेव्हापासून माझा एक तास सकाळी पहिला, दुसरा थेट संध्याकाळी. मैत्रिणीनं एका प्राध्यापकावरची ‘स्टोनर’ ही कादंबरी वाचायला दिली. त्यात तो वॉकर नावाच्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेतो, तिथंच मी पुस्तक मिटलं. पुढचं माझ्या नशिबी आहेच, ते वाचायचं कशाला? आणि मी हट्टी आहे का?

*

पुस्तक पुन्हा उघड आणि आधी तीच परीक्षा सावकाश वाच. आपल्या प्रबंधाच्या विषयावर वॉकर झकास बोलतो. स्टोनर पायाभूत प्रश्नांकडे वळतो तसा वॉकर अडतो. मग वॉकरचा पाठीराखा प्राध्यापक लोमॅक्स मध्ये पडतो आणि प्रश्न असा फिरवून विचारतो, की उत्तर प्रश्नातच येतं. तुझ्या परीक्षेत असं कुणी केलं का, आठवून बघ. तीच उत्तरं दुसऱ्या कुणी दिली असती, तर तू काय शेरा दिला असतास? तोच दिला असतास, तर तू हट्टी नाहीस.

तरी लोमॅक्सला नुसता दुष्ट समजू नकोस. तो आणि वॉकर दोघंही शरीरानं अधू आहेत. या मुलात लोमॅक्सला स्वतःचं तरुणपण दिसतं आणि मुलाच्या अपंगत्वापायीच स्टोनर त्याला अडवतो, असं त्याला मनापासून वाटतं. या वैराची सुरुवात मायेतून झाली आहे, म्हणूनच ते वीस वर्षांहून जास्त टिकतं. तुझ्या सरांचा राग कुठून येतो, हे कळलं तर त्यांच्याशी बोलताना उपयोग होईल.

विभागप्रमुख झाल्यावर लोमॅक्स एकही नियम मोडत नाही. स्टोनरकडे पहिल्या वर्षाचे वर्ग येतात, तास आठवडाभर विखुरतात. नोकरी शाबूत, पगार चालू, तक्रार करावी तर कशाची? संस्थेतलं वैर कागदावर कसं उतरतं, हे जॉन विल्यम्सनं १९६५ मध्ये इतकं अचूक लिहिलंय की मला ते पान वाचवत नाही.

पण तू थांबलीस तिथून पुढे स्टोनर एक गोष्ट करतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना तो आपला मध्ययुगीन साहित्याचा विषयच शिकवू लागतो. शिकवायचं काय, हे वर्गात त्याच्याच हातात असतं. तक्रार वर जाते, तरी शेवटी त्याला त्याचे वर्ग परत मिळतात. बढती मात्र कधीच मिळत नाही. तो सहायक प्राध्यापक म्हणूनच निवृत्त होतो. ही किंमत लेखकानं लपवलेली नाही, तूही आधीच हिशेबात धर.

तुझ्याकडे एक सोय आहे. परीक्षेत विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं आठवतात तोवर तारखेसह लिहून ठेव. मागच्या दोन सत्रांची सगळ्यांची वेळापत्रकं जमव आणि शेजारी शेजारी ठेवून बघ. फरक दिसला, तर विद्यार्थ्याचं नाव न काढता फक्त तासांबद्दल लेखी अर्ज दे.